मेल अ‍ॅप म्हणतंय जागा संपली. पण कुणाची, फोनची की खात्याची?

अनघा_कोपरखैरणे
मंडळी, जरा मदत हवी आहे. बाबा (वय ७४) ठाण्यात नौपाड्याला एकटेच राहतात. अँड्रॉइड फोन आहे, ६४ जीबीचा, आणि मेल जीमेलवर. हल्ली मेल उघडलं की वरच्या बाजूला जागा संपल्याची पट्टी दिसते. काही महिन्यांपूर्वी फोनच अशी कुरकुर करत होता. तेव्हा दादाने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर काहीतरी करून घेतलं आणि ते थांबलं. आता मेलमध्ये हे नवीन.

बाबांनी आपल्या पद्धतीने उपाय सुरू केला. रोज संध्याकाळी बसून जुने मेल उडवतात. पट्टी जागची हलत नाही. त्यात त्यांच्या सीएचा मला फोन आला की रिटर्नचे कागद पाठवले होते, मेल परत आला.

शनिवारी मी ठाण्याला जातेय. नक्की काय भरलंय, फोन की मेलचं खातं? आणि हे ओळखायचं कसं? बाबांच्या लेखी दोन्ही एकच. दादा म्हणतो नवीन फोन घेऊन टाकू.

सानपाड्याचा_बंड्या
सोप्पं आहे ताई. सेटिंग्जमध्ये जा, अ‍ॅप्स, जीमेल, स्टोरेज, क्लिअर कॅश. तेवढ्याने नाही गेलं तर क्लिअर डेटा पण मारा. फोन रीस्टार्ट. माझ्या फोनला दर दोन-तीन महिन्यांनी करावं लागतं, लगेच गप्प होतो.

विद्याधर_काका
मेमरी कार्ड टाका. आमच्या इथे स्टेशनजवळ चांगलं मिळतं. फोटो सगळे कार्डावर हलवले की प्रश्न मिटला. नवीन फोनचा खर्च कशाला?

तलावपाळी
काका, प्रश्न मेलचा आहे.

विद्याधर_काका
मेल फोनवरच येतात ना?

सर्व्हर_सदानंद
काकांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, सगळी गोम तिथेच आहे. मेल फोनवर दिसतात, पण येतात सर्व्हरवरच्या खात्यात. फोन तिथून अलीकडचे काही दिवसांचे मेल उतरवून घेतो आणि दाखवतो. जीमेल अ‍ॅपमध्ये खात्याच्या सेटिंगला ते दिवस दिसतात, सहसा तीस असतात. त्याआधीचे मेल मागितले की त्या वेळी येतात.

अनघाताई, तुमच्या पोस्टमध्येच अर्धं उत्तर आहे. सीएचा मेल परत गेला. पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल नेऊन देतो तो जीमेलच्या सर्व्हरकडे. बाबांचा फोन त्या व्यवहारात कुठेच नसतो. फोन बंद असो, फुटलेला असो, भरलेला असो, मेल खात्यात जमा होतोच. तेव्हा जागेच्या कारणाने मेल परत गेला असेल तर फोन निर्दोष आहे.

फक्त "परत गेला" याचं कारण जागाच आहे ना, एवढं बघून घ्या. पत्त्यात एखादं अक्षर चुकलं तरी परत जातो. सीएला सांगा की परत आलेला निरोप तसाच्या तसा तुम्हाला फॉरवर्ड करा. त्यात साधारण अशी ओळ असेल:

```
452-4.2.2 The recipient's inbox is out of storage space.
```

मधले ते 4.2.2 किंवा 5.2.2 बघा. शेवटी 2.2 म्हणजे पेटी भरली. 5.1.1 असेल तर पत्ताच चुकलाय, आणि मग आपण इथे उगाच डोकं लावतोय. हा निरोप पाठवणाऱ्याला जातो, बाबांना तो कधीच दिसणार नाही.

बंड्या, कॅश पुसायला हरकत नाही. पण क्लिअर डेटा सांगताना जरा सांभाळून. न गेलेले मेल आणि सर्व्हरवर न पोचलेले मसुदे त्यात जातात. आणि खातं भरलं असेल तर त्याने एक केबीसुद्धा मोकळी होत नाही, कारण पुसलं जातं ते फोनवरचं.

सानपाड्याचा_बंड्या
पण माझं जातं की गप्प होऊन!

सर्व्हर_सदानंद
कारण तुझा फोन भरतो. तुझ्यापुरता उपाय बरोबरच आहे.

नेरुळची_मेधा
माझाही अनुभव टाकते. मला आयफोनवर दोन वेगवेगळ्या सूचना यायच्या आणि मी दोन्हीला वैतागून फोटो उडवत बसायचे. एक फोनची, दुसरी आयक्लाउडची. आयक्लाउड फुकटात ५ जीबीच देतं, ते लगेच भरतं. माझं मेल जीमेलचं आहे. त्यामुळे आयक्लाउड भरलं तरी मेल येत-जात राहिले. पण मुलाचा पत्ता आयक्लाउडचाच, त्याचे मेल यायचे थांबले. घर एक, फोन सारखे, सूचना तीच, परिणाम वेगळा.

फोनचं बघायचं तर सेटिंग्ज, जनरल, आयफोन स्टोरेज. आयक्लाउडचं बघायचं तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, त्यावर जाऊन आयक्लाउड. दोन्हीकडे पट्टा दिसतो, म्हणून माणूस फसतो.

निवृत्त_बँकर
एक महत्त्वाचं सुटतंय. ही सूचना पट्टी म्हणून दिसते की मेल म्हणून आली आहे? माझ्या ओळखीतल्या एका बाईंना "तुमची पेटी ९८ टक्के भरली, खाली दाबा नाहीतर खातं बंद" असा मेल आला. दाबलं, पासवर्ड टाकला आणि पुढचं सांगायला नको. ज्या मेलमध्ये बटण दाबायचा आग्रह असतो, तिथे आधी शंका घ्यावी.

अनघा_कोपरखैरणे
पट्टीच आहे, मेल नाही. बाबांनी फोटो काढून पाठवलाय, दुसऱ्या फोनने नव्हे तर शेजारच्या जोशीकाकांच्या टॅबने. :) अ‍ॅपच्या आतच, मेलच्या यादीच्या वर. सीएला निरोप फॉरवर्ड करायला सांगितलंय.

सर्व्हर_सदानंद
बँकरसाहेबांचा मुद्दा लाखमोलाचा. खरी शहानिशा सूचनेतल्या बटणावरून करायचीच नाही. आपण स्वतः पत्ता टाकून जायचं: one.google.com/storage. खात्याचा हिशेब तिथे.

आता शनिवारी काय बघायचं ते. आधी एखाद्या कॉम्प्युटरवर, ब्राउझरमधून बाबांचं मेल उघडा. जोशीकाकांचा टॅबही चालेल. तीच तक्रार तिथेही दिसली तर खातं भरलंय. बाबांच्या फोनची जागा जोशीकाकांच्या टॅबवर दिसायचं काही कारणच नाही. ही परीक्षा अगदी साधी आहे, आणि अ‍ॅपमधली वाक्यं बदलत राहिली तरी ती चुकत नाही.

मग बाबांच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. ६४ पैकी किती वापरलंय ते बघा. अँड्रॉइड साधारण शेवटचा अर्धा जीबी उरला की रडायला लागतो. त्या अवस्थेत तो मेलचं सिंकही थांबवतो, म्हणून नवे मेल अ‍ॅपमध्ये येत नाहीत, पण ब्राउझरमध्ये व्यवस्थित दिसतात. शिवाय एकटं मेल रडत नाही. कॅमेरा फोटो काढायला नकार देतो, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ उतरवत नाही, अ‍ॅप अपडेट होत नाहीत. बाबांचा कॅमेरा चालू आहे का?

अनघा_कोपरखैरणे
चालू म्हणजे काय! आज सकाळी कचराळी तलावाचे अकरा फोटो आलेत ग्रुपवर.

तलावपाळी
मग फोन सुटला. आरोपी दुसरा.

मी माझ्या सासऱ्यांना असं समजावलं होतं: फोन म्हणजे घरातलं कपाट, खातं म्हणजे सोसायटीच्या गेटवरची आपली पत्रपेटी. पेटी भरली की पोस्टमन पत्र परत नेतो, कपाट भरलं तर पत्र पेटीत पडून राहतं, आपल्याला ठेवायला जागा नसते एवढंच.

सर्व्हर_सदानंद
चांगलं आहे, फक्त एका जागी मोडतं. कपाटातलं पत्र फाडलं तर पेटीला काही होत नाही. इथे मात्र फोनवरून मेल उडवला की तो खात्यातूनही जातो. म्हणून "फोनमध्ये जागा करायला" मेल उडवणं सगळ्यात वाईट. फोनवर मेल फारशी जागा घेतच नाहीत, आणि जातो तो एकुलता एक कागद.

तलावपाळी
सासऱ्यांना हे सांगायला जातो आणि जेवूनच येतो.

घोडबंदर_ट्रॅफिक
ऑफिसच्या मेलचं वेगळं असतं का? आमच्याकडे एक्सचेंज आहे. मला मेल येतायत, पण पाठवले की जात नाहीत. आयटीवाले म्हणतात फोनमधून खातं काढून परत टाका. मी तीन हात नाक्याला अडकलोय, तोवर उत्तर द्या, वेळच वेळ आहे.

सर्व्हर_सदानंद
येतायत पण जात नाहीत, हे एक्सचेंजमध्ये खातं भरल्याचं ठळक लक्षण आहे. तिथे पायऱ्या असतात: आधी ताकीद, मग पाठवणं बंद, मग येणंही बंद. पन्नास जीबीच्या पेटीला सहसा ४९ वर ताकीद, ४९.५ ला पाठवणं बंद आणि ५० ला सगळं बंद असं ठेवलेलं असतं, पण तुमच्या कंपनीने आकडे बदललेले असू शकतात. जीमेलला अशी मधली पायरी नाही. भरलं की पाठवणं आणि येणं दोन्ही अडतं.

फोनमधून खातं काढून टाकल्याने सर्व्हरवरची पेटी रिकामी होणार नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून एक मेल पाठवून बघा. तिथूनही गेला नाही तर आयटीला तोच स्क्रीन दाखवा.

घोडबंदर_ट्रॅफिक
उद्या बघतो. आता सिग्नल हिरवा झाला. परत लाल झाला.

सानपाड्याचा_बंड्या
ट्रान्स हार्बरने ये म्हणावं तर ऐकत नाही.

घोडबंदर_ट्रॅफिक
घोडबंदरवरून ठाणे स्टेशन गाठेपर्यंत तुझी गाडी पनवेलला पोचते रे.

अनघा_कोपरखैरणे
सीएचा निरोप आला. सदानंदजी, अगदी तुम्ही म्हणालात तीच ओळ, 4.2.2. पण आधी त्यांना "उशीर होतोय, प्रयत्न चालू आहे" असं आलं होतं आणि दोन दिवसांनी "पोचला नाही" असं. असं का?

सर्व्हर_सदानंद
चारने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरती अडचण. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. किती दिवस करायचा हे त्या सर्व्हरवर ठरतं, दोन ते पाच दिवस असा मामला असतो. तेवढ्यात बाबांच्या खात्यात जागा झाली असती तर मेल आपोआप आला असता. आता तो परत गेलाय, सीएला पुन्हा पाठवावा लागेल. मात्र गेल्या एक-दोन दिवसांत दुसऱ्या कुणी काही पाठवलं असेल, ते अजून रांगेत असू शकतं. म्हणून लवकर जागा केलेली बरी.

अनघा_कोपरखैरणे
आज जाऊन आले. आकडे टाकते.

फोन: ६४ पैकी ४१ जीबी वापरलेले. म्हणजे भरपूर मोकळा. नवीन फोन रद्द.

जोशीकाकांच्या टॅबवर बाबांचं खातं उघडलं, तीच पट्टी तिथेही. हिशेबाच्या पानावर १५ पैकी १५ जीबी. त्यात फोटो १०.८, जीमेल १.६ आणि उरलेले २.६ ड्राइव्ह, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वगैरे.

मला हे कळत नाही की मेल १.६ जीबीचंच आहे, मग मेलची जागा कशी संपली? आणि इतके दिवस मेल उडवतायत, त्याचा काहीच उपयोग नाही?

सर्व्हर_सदानंद
कारण ते १५ जीबी एकट्या मेलचे नाहीत. जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज यांचा एकच सामायिक कोटा आहे. १ जून २०२१ च्या आधी कमी दर्जात चढवलेले फोटो त्यात मोजत नसत, त्यानंतर चढवलेले सगळे मोजतात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच धरला जातो. त्यामुळे मेल अडतो, पण अडवणारा मेल नसतो. बाबांनी सगळे मेल उडवले असते तरी दहामागे एक भाग मोकळा झाला असता.

माझा अंदाज सांगतो, चुकला तर सांगा. दादाने व्हिडिओ कॉलवर फोटोंचा बॅकअप सुरू करून दिला आणि मग गूगल फोटोजमधलं फोनची जागा मोकळी करायचं बटण दाबायला लावलं. फोन हलका झाला, ओझं खात्यावर गेलं.

अनघा_कोपरखैरणे
दादाला विचारलं. शब्दशः हेच! वर म्हणाला, "मी फोन वाचवला."

नेरुळची_मेधा
म्हणजे पहिल्या सूचनेच्या उपायातून दुसरी सूचना जन्माला आली. मस्तच.

सानपाड्याचा_बंड्या
मग आता सोपं आहे. गूगल फोटोजमध्ये जाऊन जुने फोटो सिलेक्ट ऑल, डिलीट. आणि मेलचा ट्रॅश एम्प्टी करा, ट्रॅशमधले मेल पण जागा खातात.

सर्व्हर_सदानंद
थांबा. अनघाताई, यातलं काहीही करू नका अजून.

बंड्याची माहिती खरी आहे. ट्रॅशमधले मेल ३० दिवस राहतात आणि तोवर कोट्यात मोजले जातात. पण बाबांनी काय काय उडवलंय ते आपल्याला माहीत नाही. तीस दिवसांच्या आतलं सगळं अजून तिथेच आहे. आधी बघा, हवं ते परत इनबॉक्समध्ये हलवा, मग रिकामं करा.

फोटोंचं तर जास्त जपा. जागा मोकळी करायचं बटण दाबल्यावर फोनवरची प्रत गेली. आता त्या फोटोंची जगातली एकमेव प्रत खात्यात आहे. फोनवर फोटो दिसतात म्हणून ते फोनमध्ये आहेत असं नाही. इंटरनेट बंद करून जुना एखादा फोटो मोठा करून बघा, धूसर राहील. तिथून उडवलात तर गेले.

निवृत्त_बँकर
+१. लग्नाचे, नातवंडांचे फोटो असे गेलेले पाहिलेत.

अनघा_कोपरखैरणे
बाप रे. बंड्या, तुझं वाचून मी बोट ठेवलंच होतं.

ट्रॅश बघितला. गंमत म्हणजे त्यात थोडेच मेल आहेत, बहुतेक जाहिराती. एक विम्याची पावती होती, ती परत आणली. पण बाबा तर म्हणतात शेकडो उडवले. मग बाकीचे गेले कुठे?

नेरुळची_मेधा
बोटाने बाजूला सारून उडवतात का ते?

अनघा_कोपरखैरणे
हो! "सर्रकन जातात" म्हणाले.

नेरुळची_मेधा
मग ते उडालेलेच नाहीत. अँड्रॉइडच्या जीमेलमध्ये बाजूला सारलं की मेल आपण काही बदललं नसेल तर अर्काइव्ह होतो. इनबॉक्समधून दिसेनासा होतो, पण ऑल मेलमध्ये असतो. माझ्या आईचंही तेच चालायचं. जागा तेवढीच राहते.

तलावपाळी
म्हणजे रोज संध्याकाळची साधना निष्फळ, पण त्यामुळेच कागद वाचले. आजोबांना सांगू नका, मन मोडेल.

अनघा_कोपरखैरणे
सांगितलं. "मग मी काय करत होतो?" असं विचारून चहा ठेवायला गेले.

बरं, मग जागा करू कशी? सीए पुन्हा पाठवायला थांबलेत.

सर्व्हर_सदानंद
आज लगेच थोडी जागा हवी आणि नंतर निवांत मोठी, असं दोन टप्प्यांत करा.

आजसाठी मेलच्या शोधात हे टाका:

```
has:attachment larger:10M older_than:2y
```

दोन वर्षांपूर्वीचे, दहा एमबीच्या वरचे, जोडपत्र असलेले मेल येतील. त्यात कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या देवदर्शनाच्या पीडीएफ आणि व्हिडिओ हमखास सापडतात. नको ते उडवा आणि मग ट्रॅश रिकामा करा. पानावरचा आकडा बदलायला थोडा वेळ लागू शकतो, लगेच घाबरू नका. मग तुमच्या पत्त्यावरून बाबांना एक मेल पाठवून बघा. आला की सीएला फोन.

फोटोंसाठी आधी सगळे कॉम्प्युटरवर उतरवा. गूगल टेकआउट नावाची सोय आहे, ती गठ्ठे करून देते. उतरवलेले गठ्ठे उघडून चार-सहा फोटो खरोखर दिसतात का बघा, मगच खात्यातले लांबलचक व्हिडिओ उडवा. आणि तो चालू राहिलेला बॅकअप बंद करायचा की नाही, हे घरात बसून ठरवा. चालू राहिला तर खातं पुन्हा भरणार, बंद केला तर उद्या फोन भरणार.

सानपाड्याचा_बंड्या
एवढं कशाला? फोटोजच्या सेटिंगमध्ये जागा परत मिळवायचा पर्याय आहे की, मूळ दर्जाचे फोटो बारीक करतो. एकही फोटो न उडवता जागा मिळते. हे तरी बरोबर ना?

सर्व्हर_सदानंद
हे बरोबर. फक्त मूळ दर्जा परत मिळत नाही. आणि बॅकअप आधीच कमी दर्जाचा लावलेला असेल तर काहीच मिळणार नाही.

नेरुळची_मेधा
मी असते तर बारीक करूनच टाकले असते. कचराळी तलावाचे फोटो कुणाला पोस्टरला लावायचेत?

निवृत्त_बँकर
मी नसते केले. जुन्या फोटोंचे फोटो काढून ठेवलेले असतात लोकांनी, अल्बममधले. ते एकदा बारीक झाले की प्रिंट नीट येत नाही. त्यापेक्षा महिन्याला शे-दीडशे रुपये देऊन जागा विकत घ्यावी.

नेरुळची_मेधा
आज शंभर, उद्या दोनशे, जन्मभर भाडं. आणि भरायचं थांबलं की पुन्हा तीच पट्टी.

विद्याधर_काका
म्हणून म्हणत होतो, मेमरी कार्ड. टेकआउटने उतरवलेले फोटो कार्डावर ठेवा!

सर्व्हर_सदानंद
काका, आता बरोबर. पण एकट्या कार्डावर भिस्त नको, कार्डं न सांगता जातात. कॉम्प्युटरवर एक प्रत ठेवा.

घोडबंदर_ट्रॅफिक
माझं अपडेट. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनही गेला नाही. आयटीला दाखवलं. ते म्हणाले पेटी ठीक आहे, तुमच्या कॉम्प्युटरची डिस्क भरलीय. डिस्क खरंच भरलेली निघाली. आता?

सर्व्हर_सदानंद
दोन्ही एकदम भरू शकतं. आउटलुक मेलची प्रत डिस्कवर ठेवतं, डिस्क भरली की तेही अडतं. ब्राउझरमधून ऑफिसचं मेल उघडा, तिथे डिस्कचा संबंध नाही. तिथूनही गेला नाही तर पेटीच.

घोडबंदर_ट्रॅफिक
ब्राउझरमधलं मेल आमच्याकडे बंद ठेवलंय. सुरक्षा म्हणे.

सर्व्हर_सदानंद
मग आयटीलाच सर्व्हरवरचा आकडा विचारा. "ठीक आहे" हे उत्तर झालं नाही, किती जीबी पैकी किती ते लेखी मागा.

अनघा_कोपरखैरणे
मेलच्या शोधातून बऱ्यापैकी जागा निघाली. एकाच मावसभावाने पाठवलेले चारधामचे व्हिडिओ होते, तेही तीन-तीनदा. ट्रॅश रिकामा केला. मी पाठवलेला मेल रात्री उशिरा पोचला. सीएचे कागदही आले, आणि न मागता सोसायटीच्या सभेची नोटीस आली, जी कालपासून रांगेत असावी.

पट्टी मात्र अजून आहे, आता "जवळजवळ भरलंय" अशी. टेकआउट लावलंय, उतरतंय हळूहळू. फोटो बारीक करायचे की पैसे भरायचे यावर बाबा आणि दादा यांची फोनवर जुंपलीय. मी मध्ये पडत नाहीये.

तलावपाळी
सभेची नोटीस रांगेतच राहिली असती तर बरं झालं असतं.

विद्याधर_काका
अनघा, एक विचारायचं होतं. माझ्या फोनवर सकाळपासून जागा संपल्याची सूचना येतेय. मेलमध्ये नाही, वर घड्याळाच्या पट्टीत. कॅमेरा पण उघडत नाही. कार्ड तर टाकलेलं आहे.

सानपाड्याचा_बंड्या
काका, हा माझा विभाग! सेटिंग्ज, स्टोरेज, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोट ठेवा. आकडा सांगा.

विद्याधर_काका
२३ जीबी.

सानपाड्याचा_बंड्या
कार्डावर नाही गेलं काका ते, व्हॉट्सअ‍ॅप फोनच्या आतच साठवतं. व्हॉट्सअ‍ॅप उघडा, सेटिंग्ज, स्टोरेज आणि डेटा, मॅनेज स्टोरेज. वर मोठ्या फाइली दिसतील. कुठला ग्रुप पहिला आहे?

विद्याधर_काका
सुप्रभात ज्येष्ठ नागरिक मंडळ, ऐरोली.